स्कोअर पडला ही हेडलाइन आम्ही का केली नाही

"दोन स्टार. आमच्या दूध-किराणा ॲपच्या ग्राहक सर्व्हेचा 60 स्लाइडचा रिपोर्ट प्रॉडक्ट टीमसाठी दोन पानांत करून मागितला होता. एनपीएस 30 वरून 10 वर आला, एवढी मोठी बातमी दुसऱ्या पानावर टाकलीये. नाशिकचे लोक सगळ्यात नाराज आहेत हे चार्टवर स्वच्छ दिसतंय, तो चार्टच गाळला. आणि 14 जणांच्या कॉमेंटवर अर्धं पान घालवलंय!"

नमस्कार, सविस्तर लिहिलंत म्हणून मीही सविस्तरच सांगतो. तुमचा डेटा तुमचा आहे त्यामुळे खरे आकडे इथे उघडे करत नाही, गोल आकडे घेऊन हिशोब दाखवतो.

एनपीएस म्हणजे 9-10 मार्क देणाऱ्यांची टक्केवारी वजा 0 ते 6 देणाऱ्यांची. समजा गेल्या वेळी 400 जणांनी उत्तरं दिली, त्यात 300 जुने ग्राहक आणि 100 नवे, म्हणजे तीन महिन्यांच्या आतले. जुन्यांत 60 टक्के खूश, 10 टक्के नाराज, म्हणजे त्यांचा स्कोअर 50. नव्यांत 20 टक्के खूश आणि 50 टक्के नाराज, म्हणजे उणे 30. सगळे एकत्र केले की 200 खूश, 80 नाराज, स्कोअर 30. आता यावेळी पण 400 च उत्तरं, पण ऑफरमुळे नवे ग्राहक वाढले म्हणून 200 जुने आणि 200 नवे, आणि दोन्हीकडे मत अगदी आधी होतं तेच. मोजून बघा, 160 खूश, 120 नाराज, स्कोअर 10. कुणाचंही मत बदललं नाही तरी 20 पॉइंट गेले.

तुमच्याकडे झालंय ते याच्या खूप जवळचं आहे. जुन्यांचा स्कोअर जवळपास जागेवर आहे आणि नवे गेल्या वर्षी पण असेच नाराज होते, तेव्हा ते कमी होते म्हणून सरासरीत दिसले नाहीत एवढंच. पहिल्या ओळीत "स्कोअर पडला" लिहिलं असतं तर टीम शेवटच्या रिलीजमध्ये काय बिघडलं ते शोधत बसली असती, आणि तिथे काही सापडलं नसतं. म्हणून पहिली ओळ नव्या ग्राहकांच्या पहिल्या काही आठवड्यांवर आहे. त्यांनी स्वतः काय लिहिलंय तेही खाली दिलंय: उद्याचं दूध नको असेल तर रात्री 10 च्या आत सांगायचं असतं, हे त्यांना नको असलेली पिशवी दारात आल्यावर कळतं. जुन्यांना ती वेळ पाठ आहे, त्यामुळे त्यांच्या कॉमेंटमध्ये हा विषयच नाही.

नाशिकचं म्हणाल तर तिथून विसाच्या आतबाहेर उत्तरं आली आहेत. म्हणजे एक माणूस म्हणजेच पाच टक्के, दोन जणांचा त्या दिवशी मूड वेगळा असता तर तो बार दहा टक्क्यांनी हलला असता. 100 उत्तरं असली तरी दहा टक्के इकडेतिकडे धरावे लागतात, विसात तर वीसच्या पुढे जातं. आणि दुसरं, नाशिकला तुम्ही आत्ताच सुरू केलंय त्यामुळे तिथले जवळजवळ सगळे नवेच आहेत. पुण्यातले फक्त नवे बाजूला काढून बघितले तर ते पण तेवढेच वैतागलेले निघतात. तो चार्ट ठेवला असता तर कुणीतरी नाशिकच्या डिलिव्हरीवाल्यांना धारेवर धरलं असतं, मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

आता ते 14 जण. मला विचाराल तर अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात अनपेक्षित गोष्ट हीच आहे. सगळ्यांनी 9 किंवा 10 दिलेत आणि खाली लिहिलंय की पैसे मी भरतो, दूध आईबाबांकडे जातं. म्हणजे मार्क दिले मुलाने आणि पिशवी उचलते आई, जिला सर्व्हे गेलाच नाही. रात्री 10 ची आठवण पण मुलाच्याच फोनवर जाते, आईला उद्या गावाला जायचंय हे त्याला कुठून कळणार! तुमच्या सर्व्हेत हा प्रश्नच नव्हता, या लोकांनी आपणहून लिहिलं, म्हणून आम्ही मुद्दाम टक्केवारी दिली नाही. असे ग्राहक आहेत एवढं या 14 कॉमेंटवरून ठामपणे म्हणता येतं, किती आहेत ते नाही म्हणता येत.

पुढच्या सर्व्हेत मार्क विचारायच्या आधी "घरी दूध कोण घेतं?" हा एक प्रश्न टाका, आणि तोवर या 14 पैकी पाच-सहा घरी फोन करा, पण पैसे भरणाऱ्याशी नाही तर पिशवी घेणाऱ्याशी बोला. नाशिकचा चार्ट उत्तरांच्या संख्येसकट तुम्हाला दिलेल्या शीटच्या शेवटच्या टॅबमध्ये आहे, तो काढून टाकलेला नाही.