कडक सीट म्हणजे चाळीस डेन्सिटी नव्हे

"सोफा घेताना तीनच गोष्टी बघा. सीट दाबून कडक लागली की फोम चाळीस डेन्सिटीचा. उचलायला जड असला की फ्रेम सागवानी. आणि सीट जेवढी खोल, तेवढा आराम." असा सल्ला कुणी दिला तर त्यावर विसंबू नका. या तिन्ही खुणा फसवतात.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. कडकपणा फोम बनवतानाच वेगळा ठरवता येतो, त्यामुळे चाळीसचा फोम मऊ निघू शकतो आणि बत्तीसचा टणक. हाताला कळतो तो कडकपणा. डेन्सिटी काट्यावरच कळते. प्रवासाची बॅग तोलायचा हातकाटा सोबत न्या, सीटची चेन उघडून फोम बाहेर काढायला सांगा आणि त्याभोवतीचा फायबरचा थर बाजूला करून तोला. २४ बाय २४ इंचाचा, ४ इंच जाडीचा तुकडा चाळीसच्या हिशेबाने दीड किलो भरतो, बत्तीसच्या हिशेबाने १.२ किलो. काटा ९०० ग्रॅमवर थांबला तर तो फोम चोवीसच्या आसपासचा. रोजच्या बसण्याच्या जागी तो लवकर खड्डा धरतो. उलट तीन-चार किलो भरला तर खूश होऊ नका. रंगीबेरंगी चुरा चिकटवून केलेला रीबाँडेड फोम एवढा जड असतो, आणि तो दगडासारखा लागतो. चेनच नसेल तर डेन्सिटीचा आकडा बिलावर लिहून घ्या. दुकानदार का-कू करू लागला, तर तोंडी आकडा विसरा.

जडपणाचं म्हणाल, तर पार्टिकल बोर्डही चांगलंच जड असतं. ओल लागली की ते फुगतं आणि स्क्रूची पकड सुटते. पुण्याच्या पावसाळ्यात भिंतीला टेकवलेला सोफा बिघडायला एवढी ओल पुरते. तीन सीटर असेल तर पुढचा एक पाय सहा इंच उचला. तोवर पुढचा दुसरा पायही जमीन सोडायला हवा. तो तिथेच राहिला, तर फ्रेम पिळतेय. मग सोफा उलटा करून खालच्या काळ्या कापडाचा एक कोपरा उघडायला लावा. कोपऱ्यात लाकडी ठोकळा गोंद लावून स्क्रूने आवळलेला हवा. नुसत्या स्टेपल पिना दिसल्या तर दुसरा सोफा बघा. लाकूड सागवानीच हवं असंही नाही. नीट वाळवलेलं दुसरं टणक लाकूड किंवा चांगला प्लायही चालतो.

सीट किती खोल हवी, याचा निकाल तुमच्या मांड्यांची लांबी लावते. चपला काढून (घरी कोण घालून बसतं?) पाठ पूर्ण टेकवून बसा. पावलं जमिनीला टेकून सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा उरायला हवी. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसालाही बसवून बघा. मांडी घालून बसणाऱ्यांना खोल सीट आवडते, पण आजींना तीच सीट पुढे सरकायला लावते आणि पाठ अधांतरी राहते. टेप सीटच्या कडेपासून पाठीच्या उशीपर्यंत धरा, मागच्या फ्रेमपर्यंत नव्हे. उशी फायबरची असेल तर ती वापराने चेपते आणि दुकानात २१ इंच भरलेली खोली घरी २३ होते.