मामांचे साठ हजार आणि तो मेसेज

"सरकारने जमीन घेतली तर मोबदला म्हणजे शेतीचं उत्पन्न, व्याजासकट सगळं माफ, रिटर्न भरायची गरज नाही. टीडीएस कापला की विषय संपला. घराची जागा गेली तर मात्र टॅक्स बसतो, आणि दिलासा रकमेवर वेगळा. शेतकरी बांधवांना पाठवा."

बांधवांना पाठवत पाठवत हा मेसेज मामांपर्यंत पोहोचला, आणि त्यांनी रिटर्नची फाइल बाजूला ठेवली!

मामांची जमीन कालव्यात गेली, 2013 च्या भूसंपादन कायद्याखाली. मोबदला ठरवणाऱ्या निवाड्यात बाजारमूल्य 4 लाख, ग्रामीण भाग म्हणून गुणक 2, म्हणजे 8 लाख. विहीर-झाडांचे 1 लाख. या 9 लाखांवर, जमीन सक्तीने घेतली म्हणून, तेवढीच जादा दिलासा रक्कम. एकूण 18 लाख. त्यावर कर नाही, इथवर मेसेज बरोबर आहे, मान्य. पण ते शेतीचं उत्पन्न असल्यामुळे नव्हे. त्या कायद्याचं कलम 96 निवाड्याच्या रकमेला आयकरातून सोडतं, आणि प्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रक 36/2016 मध्ये शेतजमीन की बिगरशेती असा भेद नाही हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे घराच्या जागेचा मुद्दा तिथेच निकालात. दिलासा रक्कम निवाड्याचाच भाग, तिच्यावर वेगळा कर कुठून आणला देव जाणे. फक्त आपली जमीन कोणत्या कायद्याने घेतली ते नोटिशीवर बघा. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालच्या संपादनात याच माफीवरून वाद झालेत.

आता व्याज. नंतर मोबदला वाढवून मिळाला, त्या वाढीव मोबदल्यासोबत मामांना 2025-26 मध्ये 6 लाख व्याज मिळालं, त्यातून 10 टक्के, म्हणजे 60 हजार टीडीएस कापला गेला. व्याज हा मोबदल्याचाच भाग असं 2009 च्या घनश्याम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, वकील अजून तेच दाखवतात. पण त्यानंतर आयकर कायदाच बदलला. वाढीव मोबदल्यावरचं व्याज मिळालं त्या वर्षीचं उत्पन्न धरतात, त्यातून सरसकट निम्मं वजा होतं. वकिलाची फी वगैरे आणखी काही वजा होत नाही. विभाग याच हिशेबाने चालतो.

म्हणजे मामांचे करपात्र 3 लाख. बँकेचं थोडं व्याज धरलं तरी साडेतीनच्या आत, आणि नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंत कर शून्य. कापलेले 60 हजार पूर्ण परत येतात, पण रिटर्न भरला तरच. न भरून लपवायचं तरी काय? मी त्यांना 26AS, म्हणजे आयकर विभागाकडचा कापलेल्या कराचा तक्ता, उघडून दाखवला, व्याजाची रक्कम आणि कापलेला कर, दोन्ही त्यांच्या पॅनवर.

"म्हणजे सरकारकडे आपलेच पैसे पडलेत?" मामा म्हणाले. फाइल पुन्हा टेबलावर आली.