‘फक्त’, ‘सुद्धा’ आणि ‘च’ गाळायला निघालेल्यांसाठी

आज सकाळपासून चौथ्या माणसानं मला तीच पोस्ट पाठवली. ‘चांगलं मराठी लिहायचंय? मग फक्त, सुद्धा, देखील, च, ही असले भरताड शब्द काढून टाका. वाक्याचा अर्थ तसाच राहतो.’ खाली बदामांचा पाऊस. अर्थ तसाच राहतो? कोणी तपासलं? ‘आई फक्त चहा प्यायली’मधून ‘फक्त’ काढा आणि आई उपाशी होती हे मला वाचून दाखवा. मी भाषाविज्ञान शिकवते, आणि हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलंय, तेव्हा लांबलचक लिहिणार आहे.

या छोट्या शब्दांचं काम काय, तर न उच्चारलेल्या वाक्यांकडे बोट दाखवणं. आपण एक वाक्य बोलतो, आणि त्याच्या आजूबाजूला बोलता आली असती अशी इतर वाक्यं उभी असतात. त्यांना पर्याय म्हणू. ‘फक्त’ त्या पर्यायांना खोटं ठरवतो. ‘सुद्धा’ त्यांची उतरंड लावतो. मग खरा प्रश्न असा की हे पर्याय येतात कुठून? ऐकणाऱ्याच्या मर्जीनं? अजिबात नाही. त्याचा हिशोब असतो, आणि तो भाषाशास्त्रज्ञ मॅट्स रूथ यांनी 1985 सालच्या आपल्या पीएचडीच्या प्रबंधात मांडला. पुढे 1992च्या लेखात त्यांनी तो आणखी नेटका केला.

आमच्या घरातली गोष्ट सांगते, म्हणजे हिशोब कळेल. भावाच्या लग्नाआधी घरी ग्रहमख होता. आईनं आत्याला फोनवर सांगितलं, “ताई, मी फक्त दादाच्या मुलाला बोलावलंय.” दादा म्हणजे माझा मामा. मामाच्या मुलीची परीक्षा होती, तिला कशाला त्रास द्यायचा, असं बोलणं चाललं होतं. आईचा भर ‘मुलाला’वर होता. आत्याला ते बरोबर कळलं. तिनं घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘वहिनींनी फक्त दादाच्या मुलाला बोलावलंय.’ शब्द तेच, पण अक्षरांना आवाज नसतो. काकूंनी ते वाचलं ‘दादाच्या’वर भर देऊन. झालं!

आता हिशोब बघा. रूथ म्हणतात, प्रत्येक शब्दाला दोन अर्थ असतात. एक नेहमीचा, आणि दुसरा म्हणजे पर्यायांचा संच. ज्या शब्दावर भर नाही त्याच्या संचात तो एकटाच असतो. ज्याच्यावर भर आहे त्याच्या संचात त्याच्या जातीचे सगळे येतात. मग जसं वाक्य जुळत जातं तसे हे संचही पायरीपायरीनं जुळत जातात. आईच्या बोलण्यात भर ‘मुलाला’वर, म्हणून ‘दादाच्या’ जागचा हलत नाही आणि संच तयार होतो तो असा: दादाच्या मुलाला बोलावलं, दादाच्या मुलीला बोलावलं. ‘फक्त’ येतो, यातलं पहिलं खरं धरतो आणि दुसरं खोटं ठरवतो. मुलीला खरंच बोलावलं नव्हतं. वाक्य खरं.

काकूंच्या वाचनात ‘मुलाला’ जागचा हलत नाही, ‘दादाच्या’ हलतो. संच: दादाच्या मुलाला बोलावलं, काकांच्या मुलाला बोलावलं, आत्याच्या मुलाला बोलावलं. ‘फक्त’ शेवटची दोन्ही खोटी ठरवणार. पण आईनं काकांच्या मुलाला पुण्याला त्याच्या हॉस्टेलवर फोन करून आधीच बोलावलं होतं, काकूंना ते ठाऊक नव्हतं इतकंच. म्हणजे या वाचनात वाक्य चक्क खोटं. तोच दिवस, तीच माणसं, तीच आमंत्रणं, अक्षरही बदललेलं नाही. नुसता भर सरकला आणि खऱ्याचं खोटं झालं. आणि हे लोक म्हणतात भरताड शब्द!

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की ‘फक्त’ला स्वतःला भर कुठे आहे याची काही खबर नसते. तो नुसता तयार संचाकडे बघतो. हाच संच प्रश्नांनाही लागतो. प्रश्नाचा अर्थ म्हणजे त्याच्या संभाव्य उत्तरांचा संच, हे तत्त्वज्ञ हॅम्ब्लिन यांनी 1973 साली मांडलं होतं. त्यामुळे आपल्याला घरबसल्या कसोटी मिळते. वाक्य कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते विचारा. ‘दादाच्या मुलांपैकी कोणाला बोलावलंस?’ हा आईचा प्रश्न. ‘कोणाकोणाच्या मुलाला बोलावलंस?’ हा काकूंचा. प्रश्न सापडला की संच सापडला. काकूंशी बोलताना मी हेच करायचा प्रयत्न केला होता, पण रागावलेल्या माणसाला प्रश्न ऐकू येत नाहीत.

हो, मान्य आहे, संच हिशोबानं येतो तो फार मोठा असतो. ‘मुलाला’च्या जागी नियमाप्रमाणे शेजारी, शिपाई, सगळं गाव येऊ शकतं. त्यातले कोणते चर्चेत धरायचे हे प्रसंग ठरवतो आणि तिथे रूथ यांचं सूत्र हात वर करतं. पण निवड करायची ती भरानं दिलेल्या संचातूनच. आईच्या संचात काकांचा मुलगा मुळातच नव्हता, तो कुठल्याही प्रसंगानं आत शिरला नसता.

आता ‘सुद्धा’. काकू चिडून आत्याला म्हणाल्या, “दूधवाल्यालासुद्धा जेवायला बोलावलंय म्हणे.” बोलावलं होतं, वीस वर्षं आमच्याकडे दूध घालतात ते. म्हणजे काकू खोटं काही बोलल्या नाहीत. मग आई रात्रभर का रडली? कारण ‘सुद्धा’ वाक्याच्या खरे-खोटेपणाला हात लावत नाही, मागच्या दारानं दोन गोष्टी गृहीत धरायला लावतो. एक, पर्यायांपैकी आणखी कोणीतरी बोलावलेलं आहे. दोन, या सगळ्या पर्यायांत दूधवाल्याला बोलावलं जाणं सगळ्यात कमी अपेक्षित होतं. कार्टुनेन आणि पीटर्स या भाषाशास्त्रज्ञांनी 1979 साली इंग्रजीतल्या ‘even’ या अशाच शब्दाचं हे वर्णन केलं, आणि ते काकूंच्या वाक्याला जसंच्या तसं लागू पडतं. (मराठीत ‘सुद्धा’चा नुसता ‘मीपण’मधल्या ‘पण’सारखाही अर्थ होतो, तेव्हा दुसरी अट नसते. काकूंचा सूर मात्र तसा नव्हता.)

ही गृहीतं कुठे लपलीत ते ओळखायची युक्ती सोपी आहे. समोरच्याला ‘खोटं!’ म्हणून बघा. आईनं ‘खोटं’ म्हटलं असतं तर त्याचा अर्थ ‘दूधवाल्याला बोलावलं नाही’ असा झाला असता. ‘दूधवाले खालच्या पायरीवर आहेत’ हे खोडायला तिच्याकडे शब्दच नव्हता. वाक्य थांबवून ‘सुद्धा म्हणजे काय?’ असं विचारावं लागलं असतं. हा शब्द असा माणसांना न सांगता पायऱ्यांवर बसवतो. ‘मुलींनीसुद्धा बाजी मारली’ असे मथळे आपण दर निकालाला वाचतो आणि गप्प बसतो. तिथे ‘सुद्धा’ काढा, मी स्वतः लाल पेन आणून देते. पण अर्थ बदलतो म्हणूनच काढा!

आणि इथेही भर सरकवून बघा. ‘दूधवाल्याला जेवायलासुद्धा बोलावलं.’ आता दूधवाल्यांची तुलना कोणाशीच नाही. पर्याय आहेत पेढे घ्यायला बोलावणं, आहेर घ्यायला बोलावणं, जेवायला बोलावणं. जेवण सगळ्यात वरचं, अनपेक्षित असं आदराचं. एका वाक्यात माणसाचा अपमान, दुसऱ्यात मान. ‘सुद्धा’ कोणाला चिकटलाय, एवढाच फरक.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, तेव्हा सगळ्यात सुंदर उदाहरण देते. ग्रहमखाला काकूंकडचा एकही माणूस आला नाही. ‘एकही’ म्हणजे ‘एक’ला चिकटलेला ‘ही’, आणि हा ‘ही’ ‘सुद्धा’चाच भाऊ. आता ‘काकूंकडचा एकही माणूस आला’ म्हणून बघा. जमत नाही ना? व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकानं तुम्हाला हे शिकवलं नाही, तरी जीभ अडखळते. का? पर्याय काढा: एक आला, दोन आले, तीन आले. दोन आले असतील तर एक आलाच. तीन आले तरी एक आलाच. म्हणजे ‘एक आला’ हे या सगळ्यांत खरं ठरायला सर्वात सोपं वाक्य आहे, ते सगळ्यात कमी अपेक्षित असणं अशक्य. ‘ही’ची अट कधीच पुरी होत नाही. आता नकार घाला. एकही आला नाही तर दोनही आले नाहीत, तीनही नाहीत. उतरंड उलटली. ‘एक आला नाही’ हे सगळ्यात कडक, सगळ्यात कमी अपेक्षित विधान झालं आणि ‘ही’ खूश. भाषाशास्त्रज्ञ उत्पल लाहिरी यांनी 1998 साली हिंदीतल्या ‘एक भी’चा उलगडा असाच केला. मराठीत तो जसाच्या तसा चालतो. एका अक्षराच्या प्रत्ययाला नकाराची पारख आहे, आणि तुम्ही तो गाळायला सांगताय!

‘च’बद्दल एक कबूल करते. ‘आज खूपच उकडतंय’मधला ‘च’ काही वगळत नाही, नुसता जोर देतो, आणि तसले ‘च’ काही जण शिंपडत सुटतात. ते काढा, बोलणार नाही.

पण बाकीच्या ‘च’चं काम बघा. आवाजातला भर कागदावर येत नाही, तो आणायचं साधन मराठीला आहे ते हेच. ‘दादाच्याच मुलाला बोलावलंय’ लिहिलं की पर्याय काकांचा आणि आत्याचा मुलगा. ‘दादाच्या मुलालाच बोलावलंय’ लिहिलं की पर्याय दादाची मुलगी. ‘च’ ज्याला चिकटतो त्याचा संच उघडतो. आत्यानं ग्रुपवर ‘मुलालाच’ लिहिलं असतं, तर काकूंना ‘दादाच्या’वर भर द्यायला जागाच उरली नसती. पोस्टमधल्या त्या सुवर्णनियमाप्रमाणे ‘च’च्या बाबतीत तरी आत्याचा मेसेज अगदी आदर्श होता, त्यात एकही ‘च’ नव्हता.

ज्यांनी ती पोस्ट पुढे पाठवली त्यांनी आपलीच शेवटची दहा वाक्यं घ्यावीत, त्यातले ‘फक्त’, ‘सुद्धा’, ‘च’, ‘ही’ काढावेत आणि प्रत्येक वाक्य कुठल्या प्रश्नाचं उत्तर होतं ते आधी आणि नंतर लिहून काढावं. प्रश्न बदलला तर तो शब्द परत जागेवर ठेवा. कमेंटमध्ये टाका, मी एकेक तपासून देईन.