वार्षिक सभेच्या स्लाइडा: नव्या सेक्रेटरीसाठी चार युक्तीच्या गोष्टी

अभिनंदन. गेल्या सभेत तुम्ही चहा घ्यायला बाहेर गेलात आणि परत आलात तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी झाला होता. कोल्हापुरात हे असंच होतं. आता 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची आहे आणि चेअरमन म्हणाले आहेत, "अवो, या वर्षी प्रोजेक्टर लावूया की, जरा भारी वाटतंय."

लावा. आकडे कागदावर असले की लोक चष्मा काढून, बोट ठेवून वाचतात. भिंतीवर असले की नुसतं बघतात.

आपल्या हिशेबातला सगळ्यात गुणी आकडा म्हणजे 'वाढावा', तो मोठ्या हिरव्या अक्षरांत घ्या. आपली 24 फ्लॅटची सोसायटी, महिन्याला दीड हजार मेंटेनन्स, म्हणजे वर्षाची आकारणी 4,32,000. वॉचमन, लिफ्ट, मोटार, वीज, झाडलोट धरून खर्च 3,54,000. उरले 78,000. इथं थांबू नका. तीन सभासद कैक वर्षं पैसे देत नाहीत, त्यांची मागची थकबाकी दोन लाख आहे. तिच्यावर 21 टक्के दरानं व्याज लावा, ते झालं 42,000. हेही उत्पन्नच. वाढावा 1,20,000! टाळ्या पडतील.

आता यातली गंमत फक्त तुम्हाला सांगतो. आपलं उत्पन्न-खर्च पत्रक येणं धरून लिहितात. बिल फाडलं की उत्पन्न झालं, पैसे मिळोत न मिळोत. त्या तिघांनी याही वर्षी प्रत्येकी 18,000 भरले नाहीत, ते 54,000 वाढाव्यात आहेत. त्यांनी न भरलेलं व्याजसुद्धा आहे. दोन्ही वजा केलं की बँकेत वर्षभरात खरी भर पडली ती 24,000 ची. म्हणजे लोक जितके जास्त बुडवतील तितका आपला वाढावा फुगतो. अशी सोय इतर कुठल्या धंद्यात नाही.

म्हणून एक पथ्य पाळा. वाढाव्याच्या स्लाइडवर बँक शिल्लक घेऊ नका आणि 'सभासदांकडून येणे 2,96,000' हा आकडा ताळेबंदात असू द्या, पण बारीक अक्षरांत आणि पिवळ्या रंगात. पांढऱ्या भिंतीवर पिवळं दिसत नाही. उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो, हे कुणी विचारेपर्यंत आठवू नका. त्या तिघांपैकी एकजण तुमच्याच जिन्यात राहतो आणि दिवाळीला फराळ पाठवतो.

सिंकिंग फंडाची स्लाइड मात्र जपून. इमारत 1998 ची, बांधकामखर्च फ्लॅटमागे चार लाख. पाव टक्क्यानं वर्षाला 24,000 गोळा होतात, 26 वर्षांत झाले 6,24,000. ताळेबंदात देण्याच्या बाजूला हा आकडा अगदी बरोबर आहे, कुणी ऑडिटर त्याला हात लावणार नाही. अडचण एवढीच की मालमत्तेच्या बाजूला मुदत ठेव दीड लाखाची आहे. बाकीचे पैसे कुठं गेले? कुठंही नाही, खर्च झाले: एका वर्षी रंग, एका वर्षी लिफ्टची केबल, एका वर्षी वॉचमनचा पगार. मोठ्या दुरुस्तीसाठी, वास्तुविशारदाचा दाखला आणि सभेचा ठराव घेऊनच मोडायचा हा फंड आपण सुट्ट्या पैशासारखा वापरला. देण्याकडचा फंड आणि येण्याकडची ठेव शेजारी शेजारी ठेवली तर सातवीतलं पोरही वजाबाकी करील. म्हणून दोन्ही आकडे दोन स्लाइडांवर घ्या आणि मध्ये चहा ठेवा. बरोबर भडंग असेल तर उत्तम. तोंडात भडंग असलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

आता दुरुस्त्या. यासाठी नवं काही करायला नको, गेल्या वर्षीची फाइल उघडा, साल बदला. गच्चीची गळती, प्रगतीपथावर. पार्किंगमधला खांब, प्रगतीपथावर. हा शब्द ज्यानं शोधला त्याचा पुतळा आपल्या पंपरूमपाशी बसवायला हवा.

गच्चीसाठी दोन कोटेशनं आली आहेत. एक 1,20,000 चं, दुसरं 3,90,000 चं. स्लाइडवर नुसते आकडे लिहा. पहिला ठेकेदार जुन्या कोब्यावर रासायनिक लेप फासणार आहे. दुसरा जुना कोबा फोडून, पाइपांच्या सांध्यांपासून काम करून, नवा विटांचा कोबा ढाळासकट घालणार आहे. म्हणजे ही एकाच कामाची दोन कोटेशनं नव्हेत, दोन वेगळी कामं आहेत. हे सांगायचं नाही. सांगितलं तर कुणीतरी विचारील की पाणी शिरतंय कुठून, ते आधी पाहिलंय का. मग नळ्या बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून खाली ओल कुठं उमटते ते बघावं लागेल. कोल्हापूरच्या जुलैत ही चाचणी आभाळ फुकट करून देतं, पण तेव्हा आपण छत्री उघडून खाली बघत चालतो.

खांबाचा फोटो घेऊ नका. आतल्या सळीच्या रेषेत उभी चीर गेली आहे, तांबूस ओघळ आलेत आणि हातानं ठोकलं की पोकळ वाजतं. गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून टाकते, त्याचं हे लक्षण. गंज न काढता वरून गिलावा केला की खांब सभेपुरता देखणा होतो, आतली सळी आपलं काम करत राहते. पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशी उलटली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं उपविधी म्हणतात. आपली तिशी जवळ आली आहे. तोवर खांबाला दत्तजयंतीचा बोर्ड बांधून ठेवा.

नोटीस 14 दिवस आधी काढा, आणि तिच्यात ते वाक्य विसरू नका: 'गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही.' 24 पैकी 16 जण कधीच येत नाहीत. अर्ध्या तासानंतर आपण पाच जण आणि प्रोजेक्टर असे सगळे ठराव सर्वानुमते मंजूर करू.

सहावं माणूस येईल, तेवढी तयारी ठेवा. चौथ्या मजल्यावरच्या काकू. त्या आकडे बघत नाहीत, मोबाइल पुढं करतात. "बाळा, हे बघ की. पैसं हाईत म्हणतोस नव्हं, मग गळती का थांबंना?" फोटोत त्यांच्या हॉलचं छत असतं. दर पावसाळ्यात ओलीच्या कडेनं त्या पेन्सिलीनं रेघ मारतात आणि शेजारी साल लिहितात. 2021 ची रेघ भिंतीच्या कोपऱ्यात, ताटाएवढी. 2022 ची परातीएवढी. यंदाची रेघ पंख्याच्या हुकापर्यंत आली आहे. या फोटोला आपल्याकडं स्लाइड नाही. कार्यवृत्तात एवढंच लिहा: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.' आणि काकूंना हळूच सांगा, पंखा तेवढा उतरवून ठेवा.