खरवडून जातो तो कोंडा, वाढतो तो सोरायसिस

«डोक्यात जाड पांढरा थर बसला असेल तर तो वर्षानुवर्षं साचलेला कोंडाच असतो. लिंबाचा रस आणि जाडं मीठ चोळा, अर्धा तास ठेवा, मग बारीक फणीने सगळं खरवडून काढा. थोडं रक्त आलं तर घाबरू नका, घाण रक्त निघून जातं. तेल बिलकुल लावू नका. तीन रविवार केलं की मुळासकट जातो. सगळ्यांना पाठवा.»

आमच्या कळव्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज महिन्याभरात तीनदा फिरला. तिसऱ्यांदा आला तोवर समोरच्या विंगमधल्या काकांचे दोन रविवार उरकलेही होते. मला कळलं ते काकूंमुळे. काकांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढे तपकिरी डाग दिसत होते. काकूंना वाटलं, घरात ढेकूण झाले. मी ते डाग लगेच ओळखले, कारण चौदा वर्षांपूर्वी माझ्या उशीच्या अभ्र्यावर हेच होते. मला डोक्याचा सोरायसिस आहे, आणि त्या काळी खरवडण्यात माझा हात कुणी धरला नसता.

पहिली चूक ‘साचलेला’ या शब्दातच आहे. कोंडा साचून त्याचा दगड होत नाही. मलासेझिया नावाची एक बुरशी आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि त्वचेच्या तेलावर जगते. काहींच्या त्वचेला तिचा त्रास होतो आणि बारीक, किंचित तेलकट भुसा सुटतो. तो सुटा असतो, डोकंभर असतो, खांद्यावर पडतो. सोरायसिसमध्ये मामला वेगळा आहे. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच त्वचेला घाई करायला लावते. एरवी त्वचेची पेशी खालून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते, इथे ती चार-पाच दिवसांत वर येते. जुनी सुटायच्या आत नवी येऊन चिकटते आणि थरावर थर चढतो. म्हणजे जाडी वयाची नसते, वेगाची असते.

काकांना मी खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि काकूंना केसांचा भांग पाडत जायला सांगितलं. कानामागे आणि मानेच्या वर दोन थर होते. बोट फिरवलं की कड हाताला लागत होती, पाटावर चढल्यासारखी. वर कोरडा चांदीसारखा पापुद्रा, आणि कडेला जिथे कातडी दिसत होती तिथे जांभळट रंग. नेटवरच्या फोटोंत लालभडक दिसतं ते गोऱ्या कातडीवर. आपल्या सावळ्या कातडीवर ते बरेचदा जांभळट किंवा करडं दिसतं, आणि म्हणूनच माणूस ‘हे ते नव्हे’ म्हणून सोडून देतो. शिवाय मानेवरचा थर केसांची हद्द ओलांडून खाली उतरला होता. कोंडा सहसा तसं करत नाही. मग मी त्यांना हात पुढे करायला लावले. कोपरावर रुपयाएवढा खरखरीत चट्टा होता. ‘तो टेबलावर घासून झालाय’ असं ते म्हणाले. दोन नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे होते. नखांपर्यंत आल्यावर मी पुढे बोलले नाही, ठाण्यातल्या माझ्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

हे सगळं दर वेळी इतकं स्वच्छ नसतं. काहींना दोन्ही एकत्र असतं: तेलकट पिवळसर पापुद्रा आणि खाली जाड चट्टा. अशा वेळी डॉक्टरांनाही थोडा वेळ द्यावा लागतो. घरी एक अंदाज घेता येतो. बुरशी मारणारा किटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, फेस डोक्यावर पाच मिनिटं ठेवून, चार आठवडे वापरला तर कोंडा चांगलाच उतरतो. सोरायसिसचा थर जवळजवळ तसाच राहतो. मुलाच्या डोक्यात जाड खपली असेल आणि तिथले केस तुटत असतील, तर मात्र असल्या चाचण्या करत बसू नका. ते डोक्याचं गजकर्ण असू शकतं आणि त्याला पोटात घ्यायची गोळी लागते.

आता लिंबू-मीठ. लिंबाचा रस चांगलाच आंबट आणि मीठ खरबरीत, हे सांगायला नको. पण दोन गोष्टी लोकांना ठाऊक नसतात. आपल्या कागदी लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं, तर तिथे भाजल्यासारखं होऊन काळे ओघळ उमटतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. रविवारी सकाळी डोक्याला लिंबू लावून गच्चीत बसलं की कपाळाचं काय होईल ते बघा. दुसरी गोष्ट जास्त वाईट. सोरायसिस असलेल्या कातडीला जिथे जखम होते तिथे नवा चट्टा उठू शकतो. ओरखडा सरळ तर चट्टाही सरळ. काकांच्या कानामागे फणी ओढली होती तिथे पंधराएक दिवसांनी तशीच एक रेघ उठलेली दिसली. कोंडा काढायला गेले आणि सोरायसिसला नवी जागा देऊन आले.

रक्ताचं म्हणाल, तर ते घाण नाही, ताजं आणि निरोगी आहे. चट्ट्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून वर आलेल्या असतात आणि त्यांच्यावरची कातडी फार पातळ उरलेली असते. पापुद्रा ओढला की त्यांची तोंडं उघडतात आणि टाचण्या टोचल्यासारखे थेंब येतात. डॉक्टर मंडळी याला ऑस्पिट्झची खूण म्हणतात. म्हणजे मेसेज ज्याला ‘बरं होतंय’ म्हणतो, तीच सोरायसिस असल्याची एक खूण आहे. खूण पाहण्यासाठी मात्र कुणी मुद्दाम ओढून बघू नये.

तेलाच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. नुसता कोंडा असेल तर तेल चोपडून दोन-दोन दिवस ठेवणं म्हणजे बुरशीला जेवण वाढणं. पण सोरायसिसचा थर सुटा करायचा तर त्याला आधी मऊच करावं लागतं, आणि तिथे तेलासारखं काही नाही. फक्त ते काही तासांपुरतं असावं आणि नंतर धुतलं जावं.

काकांचं आम्ही सहा रात्रींत केलं, आणि पहिल्या दोन रात्री तर ओरखडे भरेपर्यंत फक्त तेलच. खोबरेल चालतं, मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिनही चालतं. बुरशीचीही शंका असेल तर पॅराफिन बरं, कारण ते तिला पचत नाही. दोन-तीन चमचे तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. कोमट हवं, गरम नको. भांग पाडून कापसाने थेंब-थेंब थरावर सोडायचे. चोळायचं नाही, थापटायचं. वर प्लॅस्टिकची टोपी किंवा जुनी सुती ओढणी. निदान दोन-तीन तास, जमलं तर रात्रभर.

सकाळी मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा, आणि सगळं कौशल्य तो धरण्यात आहे. दात डोक्यात रुतवायचे नाहीत, कंगवा डोक्याला जवळजवळ आडवा ठेवून फक्त सुटलेली कड उचलायची. जे आपसूक येतं ते येऊ द्यायचं. बोटाच्या पेराने कड हलवल्यावर दुखलं, किंवा खाली ओलसर चकाकी दिसली, की थांबायचं. तो भाग आजचा नाही. मग कोमट पाण्याने धुवायचं. डॉक्टरबाईंनी डांबराचा, म्हणजे कोल टारचा शॅम्पू दिला होता. तो पाच-सात मिनिटं ठेवायचा. वास रस्ताकामाचा येतो आणि पांढऱ्या टॉवेलवर डाग पडतो, एवढं सोसावं लागतं.

तिसऱ्या रात्रीपासून डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे ३ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं मलम, फक्त जाड थरावर. हे पेशींमधली चिकटण सोडवतं. ओल्या जखमेवर लावायचं नाही, आग होते. पहिल्या दोन सकाळी काहीच निघालं नाही आणि काका वैतागले. चौथ्या दिवशी कडा भिजलेल्या पापडासारख्या वर उचलल्या गेल्या. पाचव्या दिवशी नखाएवढे तुकडे अलगद आले, सोबत चार-पाच केसही. काकू घाबरल्या, पण असे केस बहुधा परत येतात. सहाव्या दिवशी खालची गुळगुळीत जांभळट कातडी दिसली, रक्ताचा थेंब नाही. तेव्हा कुठे त्यांना स्टिरॉइडचं लोशन सुरू झालं: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. आधी थरावर ओतलं असतं तर ते पत्र्यावरच्या पावसासारखं वाहून गेलं असतं.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड दुकानात सहज मिळतं म्हणून सगळ्यांनी घेऊ नये. लहान मुलं, गर्भारपण, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि मोठ्या भागावर तर नाहीच. सोरायसिसवर लावायचं कॅल्सिपोट्रिऑलचं औषध चालू असेल तर दोन्ही एका वेळी लावू नये, अ‍ॅसिडने ते निकामी होतं. चुकून रक्त आलंच तर स्वच्छ कापड चार मिनिटं दाबून ठेवा, वर साधी पेट्रोलियम जेली लावा आणि ती जागा भरेपर्यंत अ‍ॅसिड बंद. पू, पिवळी खपली, ताप किंवा मानेत गाठ आली तर घरचं सगळं थांबवून डॉक्टरकडे जा.

आणि ‘मुळासकट’? माझं चौदा वर्षांत चार वेळा पूर्ण निवळलं आणि चार वेळा परत आलं, बहुतेकदा थंडीत. आटोक्यात राहतं, संपत नाही. ‘हमखास बरा करतो’ म्हणून कुणी स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं देऊ लागलं तर उठून या. ती अचानक बंद केली की सोरायसिस पूर्वीपेक्षा जोरात उसळतो, कधी अंगभर. सकाळी बोटं किंवा टाचा आखडत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, हा आजार सांध्यांतही शिरतो.

गेल्या रविवारी काका कटिंगला गेले. न्हाव्याने मानेवर बघून विचारलं, ‘लागण होते का हो?’ काका म्हणाले, ‘नाही. पण मागे मशीन फिरवू नकोस, कात्रीने काप. मशीनने ओरखडा आला तर तिथे नवा उठतो.’