खडी, ओला पट्टा, ऑइल: पुढच्या ब्रेकला का सोडू नये

«पुढचा ब्रेक दाबला की दुचाकी आडवी होतेच. रस्त्यावर खडी, ओला पांढरा पट्टा नाहीतर ऑइल दिसलं की पुढच्या ब्रेकला हातच लावू नका, फक्त मागचा दाबा. आणि एबीएस असेल तर चिंताच नको, कचकन दाबला तरी गाडी घसरत नाही.»

हा सल्ला चुकीचा आहे. त्यातल्या पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे झुकतं. पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो, मागचा हलका होतो. म्हणजे कोरड्या डांबरावर थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकाकडे असते. गाडी पडते ती लिव्हर झटक्यात खेचल्यामुळे. वजन पुढे यायला क्षणभर लागतो आणि त्याआधीच पूर्ण जोर आला तर चाक जॅम होतं. म्हणून लिव्हर दोन टप्प्यांत दाबायचा. आधी त्यातली ढील संपवून हलका दाब द्यायचा, पुढचे शॉकअप खाली बसल्याचं हाताला कळलं की मग जोर वाढवत न्यायचा. हे सगळं सेकंदाच्या आतलं काम आहे, पण सवय नसेल तर ऐनवेळी हात मूठ आवळूनच मोकळा होतो.

सराव कोरड्या, सपाट, मोकळ्या जागेत करा, वेग 20-25 ठेवा, गाडी सरळ उभी आणि नजर लांब. पुढचं चाक जॅम व्हायला लागलं की टायर किंचाळतो आणि हँडल एकदम हलकं लागतं. तेवढ्यात लिव्हर सोडून लगेच पुन्हा हळू दाबायचा. जमलं की वेग थोडाथोडा वाढवा. खडीवर किंवा ऑइलवर मुद्दाम जाऊन पुढच्या ब्रेकचा सराव करू नका.

आता खडीचा मुद्दा. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात, म्हणून एक हिशेब मांडतो. सरळ रस्ता आहे, वेग ताशी 50, खडी दिसली आणि हात ब्रेकवर गेला तेव्हा मध्ये 10 मीटर कोरडं डांबर उरलं आहे. दोन्ही ब्रेक नीट लावले तर त्या 10 मीटरमध्ये वेग साधारण 30 वर येतो. फक्त मागचा लावला तर 40 च्या वरच राहतो. म्हणजे मागच्याच ब्रेकवर विसंबलेला माणूस खडीत शिरतो तेव्हा त्याला अजून जिरवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट असते, आणि ती जिरवायला पायाखाली पकड नसते. चांगली पकड मिळत होती त्या 10 मीटरमध्ये त्याने चांगला ब्रेक वापरलाच नाही!

खडी सुरू होण्याआधी लिव्हर सोडा, हँडलवरची पकड सैल ठेवा, गाडी सरळ जाऊ द्या. हँडल थोडं हलेल, त्याच्याशी झगडू नका. खडीतच थांबावं लागलं तर मागचा ब्रेक आणि त्याच्या जोडीला पुढच्याचा अगदी बोटभर दाब. वळणावर खडी असेल तर मात्र आधी गाडी सरळ करा, मगच ब्रेक. कललेल्या टायरची बरीचशी पकड वळण घेण्यातच खर्च झालेली असते.

ओल्या पट्ट्याला याच्याइतकं घाबरायचं कारण नाही. अर्धा मीटर रुंद पट्टा ताशी 40 ने सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात मागे पडतो. आडवा पट्टा येताना ब्रेक जरा सैल करायचा, ओलांडला की परत दाबायचा. लांबलचक पट्ट्यावरून मात्र चालवत जाऊ नका.

ऑइलची गोष्ट वेगळी, कारण ते टायरला चिकटून सोबत येतं. तवंग मागे पडला तरी पुढचे काही मीटर भरवसा ठेवू नका. गाडी सरळ असताना हलका ब्रेक लावून पकड परत आली का ते बघा. सिग्नलला गाड्या थांबतात तिथे लेनच्या मधोमध ऑइल ठिबकलेलं असतं आणि पहिल्या पावसात ते वर येतं. तिथे मोटारींची चाकं जातात त्या रेषेवरून जा. थांबताना पायही बघून टेका, कारण गाडी थांबल्यावर पाय घसरून पडणारेही असतात.

राहिला एबीएस. तो चाक जॅम होऊ देत नाही, पण रस्त्यावर नसलेली पकड आणून देत नाही. ऑइलवर अंतर लांबतंच. सुट्या खडीवर तर एबीएस असलेल्या गाडीला कधीकधी जास्तच अंतर लागतं, कारण जॅम झालेलं चाक पुढे खडीचा ढीग साठवतं आणि फिरतं चाक तिच्यावरून चढत जातं. गाडी कललेली असेल तर साधा एबीएस पडण्यापासून वाचवेलच असं नाही. एबीएस चालू झाला की लिव्हर बोटांखाली थडथडतो, आणि काही जण काहीतरी बिघडलं समजून तो सोडून देतात. सोडायचा नाही, तसाच दाबून धरायचा. आणि तुमच्या गाडीत एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे का ते आधी बघून घ्या. तसं असेल तर मागचं चाक जॅम होऊ शकतं. गाडी अजून सरळ रेषेत असेल तर पाय हळूच सैल करा. मागचा भाग बराच आडवा झाला असेल तर ब्रेक एकदम सोडू नका. टायर अचानक पकड घेतो आणि गाडी चालवणाऱ्याला उलट्या बाजूला उडवून देते.