शेकडा तीनने रक्कम दुप्पट कधी? ७२ च्या नियमाचं खरं गणित

“आइन्स्टाइनने शोधलेला ७२ चा नियम! ७२ ला व्याजदराने भागा, पैसे किती वर्षांत दुप्पट होणार ते अगदी अचूक कळतं. दर कुठलाही असो, बँकेचा असो की सावकाराचा. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, ७२ भागिले ३६, बरोबर दोन वर्षांत दुप्पट. लॉगरिदम विसरा. पुढे पाठवा.”

आइन्स्टाइनचं आधी उरकून टाकू. हा नियम इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीच्या १४९४ साली व्हेनिसला छापलेल्या पुस्तकात सापडतो. आइन्स्टाइन जन्मला १८७९ मध्ये.

आता “अगदी अचूक”. वर्षातून एकदा चक्रवाढ होत असेल तर खरं उत्तर असं काढतात, आणि ते मोबाईलवरच्या शीटमध्येही निघतं:

```
=LN(2)/LN(1+0.08)
```

८ टक्क्यांना उत्तर येतं ९.००६ वर्षं. नियम सांगतो ९. फरक दोन-अडीच दिवसांचा, म्हणजे इथे नियमाला नावं ठेवायला जागा नाही. पोस्टाचं किसान विकास पत्र घ्या. १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दर ७.५ टक्के झाला आणि दुप्पट होण्याची मुदत ठरली ११५ महिने. नियमाने ११५.२ महिने येतात, लॉगरिदमने ११५.०. (सूत्रात कंसातलं `1+` राहिलं तर उत्तर उणे येतं. वर्षं उणे दिसली की चूक तिथेच शोधायची.)

पण “दर कुठलाही असो” हे चालत नाही. २ टक्क्यांना नियम ३६ वर्षं सांगतो, खरी ३५ लागतात. २४ टक्क्यांना नियम ३ वर्षं सांगतो, खरी ३.२२, म्हणजे पावणेतीन महिने जास्त. कारण असं, की २ चा नैसर्गिक लॉगरिदम ०.६९३ आहे, त्यामुळे दर अगदी लहान असेल तर भाज्य ६९.३ हवं. दर वाढत जातो तसं हे भाज्यही वाढत जातं, टक्क्यामागे साधारण एक तृतीयांशाने. ८ टक्क्यांच्या आसपास ते ७२ ला पोहोचतं, म्हणून ७२ तिथेच बसतं. शिवाय ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी निःशेष भाग जातो, तोंडी हिशोबाला सोयीचं. यावरून दुरुस्तीही तोंडी करता येते: दर ८ च्या वर जितका असेल त्याचा तिसरा हिस्सा ७२ मध्ये मिळवा, खाली असेल तर वजा करा. २४ टक्क्यांना १६ चा तिसरा हिस्सा ५.३३, मग ७७.३३ भागिले २४, बरोबर ३.२२.

बँकेच्या मुदत ठेवीत अडचण वेगळी आहे. तिथे व्याज बहुधा दर तिमाहीला मुद्दलात मिळतं. ७ टक्क्यांची ठेव तिमाहीला १.७५ टक्क्यांनी वाढते, आणि ४० तिमाह्यांत लाखाचे दोन लाख १६० रुपये होतात. म्हणजे दहा वर्षं पुरतात. नियम मात्र दहा वर्षं साडेतीन महिने थांबायला सांगतो. इथे दर नियमाच्या हक्काच्या पट्ट्यातला आहे, तरी चूक होते, कारण चक्रवाढ किती वेळा होते हे त्या भागाकारात कुठेच नाही.

सर्वांत घातक वाक्य सावकाराचं. निफाड-दिंडोरीकडे “शेकडा तीन” म्हणजे शंभराला महिन्याला तीन. लाख रुपये घेतले आणि महिन्याचे तीन हजार फक्त मांडत गेले, व्याजावर व्याज नाही, तर व्याज मुद्दलाएवढं व्हायला ३३ महिने १० दिवस लागतात. वर्षाअखेर व्याज मुद्दलात ओढलं तर २७ महिने. दर महिन्याला ओढलं तर साडेतेवीस. फॉरवर्डमधले २४ महिने या शेवटच्या प्रकाराच्या जवळ येतात, तेही योगायोगाने. “वर्षाला ३६ टक्के” म्हणत केलेला हिशोब वार्षिक चक्रवाढीचा आहे, आणि तिथे तो तीन महिन्यांनी चुकतो. सरळव्याजाला तर हा नियम लागूच नाही. तिथे १०० ला दराने भागायचं, ७२ ला नव्हे.

म्हणून आधी विचारायचं ते व्याज कधी मुद्दलात जातं हे. गोडी छाटणीला ऑक्टोबरात लाख रुपये उचलून मार्चमध्ये द्राक्षाचे पैसे आल्यावर फेडणाऱ्याला दुपटीचा प्रश्न नसतोच. त्याचं पाच महिन्यांचं व्याज सरळ पद्धतीने १५,००० होतं आणि दरमहा चक्रवाढीने १५,९२७. हे वरचे ९२७ रुपये कशाचे, ते पैसे घेतानाच चिठ्ठीवर लिहून घ्यावं.